‘कळत नाही म्हणजे काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

“ताई, लेख वाचला. सहा वर्षांच्या मुलाला चड्डीत शी झालेली कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. तो नाटक करतो आणि तुम्ही त्याला पाठीशी घालता. रोज औषध पाजून आतडी आळशी करायची आणि वर बक्षिसं द्यायची, हे लाड झाले. सहा महिन्यांत सगळं सुटतं हे कशावरून? माझा भाचा दोन वर्षं औषधावर आहे. जरा कडक व्हा. लेख काढून टाकलात तर बरं.”

माझ्या मुलाचं बद्धकोष्ठ आणि त्यामुळे चड्डीत होणारी शी, यावरच्या माझ्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया. उत्तर द्यायला चार दिवस लावले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते पुसून टाकावं लागलं. तुम्ही मला ताई म्हणालात आणि दुसऱ्या ओळीत माझ्या मुलाला नाटकी ठरवलंत. त्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. माझ्या लिहिण्यावर हवं तेवढं बोला, पण ज्या मुलाने या त्रासाच्या काळात ‘घाणेरडा’ हा शब्द स्वतःसाठी वापरायला सुरुवात केली होती, त्याच्याबद्दल असं बोलण्याआधी थांबायला हवं होतं.

सहा महिन्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे सहा महिन्यांत चड्डीला डाग लागायचे थांबले, पण औषध चौदा महिने चाललं. मी दोन्ही गोष्टी एकात घातल्या. पुष्कळ मुलांना याहून जास्त वेळ लागतो आणि मध्येच पुन्हा उलटतंही. ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता ‘कळत नाही’बद्दल. साडेचार वर्षांचा असताना त्याला एकदा फार कडक शी झाली, चीर पडली, रक्ताची रेघ दिसली. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की पुन्हा जायचं नाही. कळ आली की तो दारामागे जायचा, टाचा उचलून, पाय एकमेकांत आवळून, लाल होऊन ताठ उभा राहायचा. मला वाटायचं जोर करतोय. तो जोर लावतच होता, पण शी आत अडवण्यासाठी. रोखलेल्या शीमधलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी मोठी आणि कडक होते, पुढची खेप आणखी दुखते, आणि मूल आणखी रोखतं.

असं काही महिने चाललं की शेवटी मलाशयात मोठा खडा बसतो आणि मलाशय सैल पिशवीसारखं ताणून राहतं. ‘आता जायचंय’ ही जाणीव मलाशयाची भिंत नव्याने ताणली गेली की होते. जी भिंत दिवसरात्र ताणलेलीच आहे, ती नवी खबर काय देणार? शिवाय आत भार असला की गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप ढिला पडतो, त्यावर मोठ्या माणसाचाही ताबा नसतो. वरून येणारी पातळ शी खड्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीत उतरते. म्हणून पुष्कळ आईबाप सांगतात की मुलाला जुलाब होतायत, आणि जुलाब थांबवायचं औषध देऊन बसतात. वास का येत नाही, असंही तुम्ही विचाराल. जो वास सतत अंगाशी असतो, तो नाकाला काही वेळाने जाणवेनासा होतो.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीही तुमच्याइतकीच अविश्वासाने ऐकत होते. मग त्यांनी माझा हात त्याच्या ओटीपोटावर ठेवला. आत टणक गोळा होता. त्यांनी त्याला विचारलं, “होतं तेव्हा तुला कळतं का रे?” त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू “नाही” म्हणाला. ते माझ्याकडे पाहणं मी विसरलेली नाही, कारण ‘नाही झाली’ म्हटल्यावर मी त्याला खोटारडा म्हणत आले होते. कपाटामागे सात चड्ड्या कोंबलेल्या सापडल्या, तेव्हा मी त्याला मारलंही होतं. दोनदा.

म्हणजे तुम्ही सांगता तो कडकपणा मी आठ महिने करून पाहिला आहे. त्यातून निघालं हे की तो संडासात पाऊल ठेवायला तयार होईना. भीतीने मुलाचं अंग आवळतं, आणि इथे जो स्नायू सैल सोडायचा असतो तोच आवळला जातो. रागावून बद्धकोष्ठ सुटत नाही, वाढतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

उपचार आधी खडा काढण्यापासून सुरू झाला. पाण्यात मिसळायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. साधारण वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.5 ग्रॅम, तीन ते सहा दिवस. त्याचं वजन 18 किलो, त्याला डॉक्टरांनी रोज 25 ग्रॅम दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चड्ड्या आधीपेक्षा जास्त खराब झाल्या. मला वाटलं सगळं बिघडलं, पण खडा सुटताना असंच होतं. पाचव्या दिवशी गाठी न येता पातळ शी झाली आणि पोट मऊ लागलं. मग रोज 7 ग्रॅम, म्हणजे शी मऊ राहील इतपत.

तुम्ही ज्याला लाड म्हणता ती बक्षिसं चड्डी स्वच्छ राहिल्याची नव्हती. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवण झालं की पाच मिनिटं, पायाखाली पाट घेऊन बसायचं. शी होवो न होवो, बसला की कॅलेंडरवर एक चांदणी. बसणं त्याच्या हातात होतं, शी होणं अजून नव्हतं. जे हातात नाही त्यासाठी चांदणी लावली असती, तर आठवड्यात तो पुन्हा लपवायला लागला असता. डाग दिसला की मी फक्त “बदलून घेऊ” म्हणायचे. चड्डी बादलीत तो टाकायचा, धुवायचे मी. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून येऊन म्हणाला, “झालंय.” मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि तरी मी घाई केली. पाचव्या आठवड्यात सगळं ठीक दिसलं म्हणून मनाने पावडर बंद केली. दहाव्या दिवशी तो पुन्हा दारामागे टाचा उचलून उभा. ताणलेलं मलाशय पूर्वपदावर यायला महिने लागतात, आणि एक दुखरी शी जुनी भीती परत आणते.

आळशी आतड्यांबद्दल एवढंच, की ही पावडर आतड्याला ढोसत नाही, शीमध्ये पाणी धरून ठेवते.

भाच्याबद्दल मात्र मनापासून सांगते. दोन वर्षं औषध घेऊनही डाग पडत असतील, तर खडा पूर्ण निघाला होता का आणि मात्रा पुरते का, हे पुन्हा तपासून घ्या. जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांहून उशिरा झाली होती का, वजन वाढतंय ना, पोट फुगलेलं राहतं का, पायात अशक्तपणा आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. यातलं काही असेल तर कारण वेगळं असू शकतं. आणि मुलासमोर ‘नाटक’ हा शब्द काढू नका.

लेख मी काढणार नाही.