आईसाठी चिठ्ठी

आठवडाभर पोरीला बेळगावच्या वडगावला आईकडं ठेवायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, झोपेचं सगळं लिहून दे. मी म्हटलं, जिनं मला वाढवलं तिला काय लिहून देऊ? बायकोनं मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाली, म्हणूनच दे.

पहिली चिठ्ठी चार पानांची झाली. आईनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "हे पोरगीचं हाय का रेल्वेचं?" मग रात्री बसून एका पानात आणलं. म्हणजे ठमी नऊ महिन्यांची आहे, दिवसातून दोनदा झोपते, सकाळी साडेसहाला उठली की साडेनऊला पहिली झोप, दुसरी दोन वाजता, साडेतीनला उठायलाच पाहिजे, आणि रात्री साडेसातला झोप. घड्याळ पुढंमागं झालं तर चालतंय, पण उठल्यापासून तीन-चार तास झाले की तिची दमछाक सुरू होते हे ध्यानात ठेव. कान ओढायला लागली, एकाच ठिकाणी टक लावून बघायला लागली की लगेच आत ने. तिथं चुकलं की ती एकदम ताजी होते, टाळ्या वाजवते, खिदळते, आणि आपल्याला वाटतं अजून खेळायलीय की! ती खेळत नसते, अतिदमलेली असते, आणि मग तासभर रडल्याशिवाय झोपत नाही.

रात्रीचं सोपं. कोमट पाण्यानं अंग पुसायचं, दूध मांडीवर पाजायचं, लाईट मंद करायचा, एक गाणं, आणि जागी असतानाच पाठीवर निजवायचं. गादी घट्ट पाहिजे, उशी-पांघरूण काही नको. इथं आईचं माझं वाजलं, कारण तिनं मोहरीची उशी आधीच शिवून ठेवली होती. "तुझं डोकं कसं गोल झालंय बघ की." बायको हळूच म्हणाली, आतलं कोण बघणार. पण उशी काही मी ठेवू दिली नाही, एवढ्या लहान पोराचं तोंड-नाक उशीत दबू शकतं, डोकं काय बसायला लागलं, लोळायला लागलं की आपोआप गोल होतं. उशी शेवटी देव्हाऱ्याच्या शेजारी गेली.

पहिले दोन दिवस झक्कास. गल्लीत पाठीमागं पॉवरलूम, दिवसभर खटखट खटखट, मला वाटलं पोरगी डोळा मिटणार नाही, तर त्या एकसुरी आवाजात ती पुण्यापेक्षा लवकर झोपायला लागली! शेजारच्या अक्कांनी दारातून "कूसु मलगैतेन्री?" म्हणजे बाळ झोपलंय का, असं कानडीत ओरडून विचारलं तरी उठली नाही.

बुधवारी दोनला झोपली आणि दोन चाळीसला करंट गेला. माग थांबले, गल्ली एकदम गप्प, आणि ठमी टक्क जागी. आता लहान पोरांची झोप साधारण चाळीसेक मिनिटांच्या फेऱ्यांची असते, फेरी संपताना ती कुरकुरतात आणि पाच-दहा मिनिटं हात न लावता थांबलं तर बऱ्याचदा पुन्हा झोपतात. हे चिठ्ठीत होतं. आईनं चौथ्या सेकंदाला उचललं. चिठ्ठीत हेही होतं की झोप अर्धीच राहिली तर साडेचारला वीस मिनिटं डुलकी चालेल पण पाचच्या आत उठव, आणि रात्री अर्धा तास आधी निजव. आईनं तिला सव्वापाचला खांद्यावर झोपवलं. पावणेसातपर्यंत.

मी फोनवर म्हटलं, "अगं उठवायचं नाही का!"

"झोपलेल्या लेकराला उठवू नये."

"मग दिवेलागणीला झोपू नये म्हणून मला कान धरून उठवायचीस ते?"

"ते मोठ्यांना रे, लक्ष्मी येती त्या वेळी. ती काय लक्ष्मी येताना आडवी पडणार, ती स्वतःच लक्ष्मी."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. लक्ष्मी रात्री अकरापर्यंत जागी होती, आणि आई साडेअकराला फोनवर अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ते पाचच्या आतचं काय लिहिलंस, वाचून दाखव की परत."

उरलेले चार दिवस तिनं चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि पाळली, हे मान्य करायला पाहिजे. आम्ही घ्यायला गेलो तेव्हा तिच्या अक्षरात खाली एक ओळ होती: "करंट गेला तर टेबलफॅन चालत नाही, पाठ थोपटावी."

खरी पंचाईत पुण्यात आल्यावर. साडेनऊ झाले, कान ओढायला लागली, आत नेली, निजवली, आणि ती नुसती छताकडं बघत बसली. दुपारीही तेच. शेवटी बायकोनं आईला फोन केला. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बारा मिनिटांची ऑडिओ आली, आईनं मागच्या खिडकीत फोन धरून रेकॉर्ड केलेली. खटखट खटखट. सातव्या मिनिटाला आईचाच आवाज येतो, "कोथिंबीर कशी दिलीस? दहाला एवढीच?" आणि परत खटखट.

ठमी कोथिंबिरीपर्यंत जागी असते. भाव ऐकला की झोपते.