मुदतवाढीचं पत्र असं असावं

प्रयोगशाळेत शिकवताना शेवटच्या वर्षाच्या मुलांची मुदतवाढीची पत्रं दरवर्षी येतात. बहुतेकांत एकच वाक्य असतं: ‘प्रोजेक्ट जवळजवळ पूर्ण आहे, थोडा प्रॉब्लेम येतोय.’ यावरून किती वेळ द्यावा, हे मला कळत नाही. या वर्षी एका मुलीचं पत्र आलं आणि ते वाचून मी लगेच होकार दिला.

तिच्या प्रोजेक्टमध्ये ATmega328P हा मायक्रोकंट्रोलर आणि SMS पाठवणारं जीएसएम मॉड्यूल आहे. मेसेज जाताना कंट्रोलर मध्येच रीसेट व्हायचा. बहुतेक मुलं अशा वेळी कोडमागे लागतात. तिने आधी रीसेटचं कारण शोधलं. प्रोग्राम सुरू होताच रीसेटचं कारण नोंदवणारं `MCUSR` रजिस्टर वाचून सिरीयलवर छापलं, तर `BORF` बिट 1 होता. म्हणजे प्रोग्राम अडकला की रीसेट करणारा वॉचडॉग नाही, रीसेटची पिनही नाही, व्होल्टेज खाली गेलं होतं. मल्टिमीटर मात्र 4.9 व्होल्ट दाखवत होता. तो सरासरी दाखवतो. मेसेज पाठवताना जीएसएम झटक्याझटक्याने करंट ओढतं आणि प्रत्येक झटका जेमतेम 577 मायक्रोसेकंदांचा असतो. ऑसिलोस्कोप लावल्यावर व्होल्टेजमधला खड्डा दिसला. ज्याच्या खाली कंट्रोलर स्वतःच रीसेट होतो, ती ब्राउन-आउटची पातळी तिने 4.3 व्होल्ट ठेवली होती आणि खड्डा त्याच्याही खाली जात होता.

मग तिने मॉड्यूलजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. रीसेट कमी झाले, थांबले नाहीत. का, याचा हिशोब पत्रातच होता, आणि मला सगळ्यात आवडला तो हाच भाग. मॉड्यूल झटक्यात 2 अँपिअरपर्यंत करंट ओढतं, अडॅप्टर 1 अँपिअरचा. उरलेला 1 अँपिअर कपॅसिटरने पुरवायचा:

```
ΔV = I × t / C = 1 × 0.000577 / 0.001 ≈ 0.58 V
```

म्हणजे 4.9 वरून 4.3, अगदी काठावर. त्यात वायरचा आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध धरला की संपलंच. म्हणून मॉड्यूलला दमदार अडॅप्टरवरून 4 व्होल्टचा स्वतंत्र बक रेग्युलेटर, आणि ग्राउंड मॉड्यूलचं आणि कंट्रोलरचं एकच. तो बसवायला दोन दिवस, सलग चाचणीला तीन, रिपोर्टला दोन, असे सात दिवस तिने मागितले होते.

काही सहकारी म्हणाले, मुदत म्हणजे मुदत, सगळ्यांना सारखी. मला पटत नाही. दोष कुठे आहे हे सापडलेलं असेल, तर मागितलेल्या दिवसांचा हिशोब तपासता येतो. दोषच ठाऊक नसेल, तर दोन आठवडेही वाया जातात. त्या ‘थोडा प्रॉब्लेम’वाल्या मुलांनाही मी नकार दिला नाही, दोषाचं कारण शोधून पुन्हा लिहा, एवढंच सांगितलं.

तिला सात दिवस दिले, एका अटीवर: डेमोत सलग पन्नास मेसेज जायला हवेत, `BORF` एकदाही 1 न होता, आणि पुरवठ्याची लाइन ऑसिलोस्कोपवर समोर दिसायला हवी.