सहा महिन्यांत टूडी ॲनिमेशन शिकायचंय? मग पहिला महिना चेंडूला द्या

माझ्या मावसभावाने टूडी ॲनिमेशन घरच्या घरी शिकायचं ठरवलंय. हातात सहा महिने आहेत, म्हणजे 26 आठवडे, आणि आठवड्याला दहा तास. त्याने केलेली योजना मला पाठवली : पहिले दोन आठवडे सॉफ्टवेअर, मग एक आठवडा चेंडू, चौथ्या आठवड्यात चालणारा माणूस, तिसऱ्या महिन्यात स्वतःची शॉर्टफिल्म. मी शिकायला लागले तेव्हा माझीही योजना जवळपास अशीच होती आणि तिच्यात माझे चार महिने वाया गेले. म्हणून हे सविस्तर लिहितेय, त्याच्यासाठी आणि अशी योजना आखणाऱ्या इतरांसाठीही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिले चार आठवडे फक्त चेंडू. आणि आठवड्याचं उद्दिष्ट तासांत किंवा बघितलेल्या व्हिडिओंत मोजायचं नाही. रविवारी रात्री एक पूर्ण झालेली क्लिप एक्सपोर्ट करून फोल्डरमध्ये पडली पाहिजे, दोन सेकंदांची का असेना.

सॉफ्टवेअरला वेगळा आठवडा लागत नाही. क्रिटा किंवा ओपनटून्झ, दोन्ही फुकट आहेत. नवी फ्रेम घेणं, आधीचं चित्र खाली फिकट दिसावं म्हणून ओनियन स्किन चालू करणं आणि एक्सपोर्ट करणं एवढं एका संध्याकाळी येतं. पहिल्या आठवड्यात एक ठिपका पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 24 फ्रेम्समध्ये न्यायचा, तोही तीन प्रकारे : एकसारख्या वेगाने, हळू सुरू होऊन, आणि हळू थांबत. वेळ तिन्हीकडे एकच सेकंद, तरी तिन्ही ठिपके वेगळे वाटतात. वेळ म्हणजे टायमिंग आणि दोन चित्रांमधलं अंतर म्हणजे स्पेसिंग, हा फरक डोळ्यांना इथेच कळतो.

दुसऱ्या आठवड्यापासून खरा चेंडू. हे उदाहरण मी पूर्ण सोडवून दाखवते, कारण बहुतेक जण इथेच अंदाजाने चित्रं काढतात.

समजा चेंडू सुमारे सव्वा मीटर उंचीवरून सोडलाय. त्याला जमिनीवर यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम्सच्या हिशेबात 12 फ्रेम्स. 'ऑन टूज', म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम्स धरायचं, तर पडण्याचे सहा टप्पे होतात. पडणारी वस्तू सारख्या वेळात सारखं अंतर कापत नाही. तिची अंतरं 1, 3, 5, 7, 9, 11 अशी विषम संख्यांनी वाढतात. बेरीज 36. तुमच्या चित्रात पडण्याची उंची 18 सेंटिमीटर असेल तर एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा. पहिलं अंतर अर्धा सेंटिमीटर, दुसरं दीड, मग अडीच, असं करत शेवटचं साडेपाच. या खुणा आधी मारायच्या आणि मगच चेंडू काढायचा.

आता चेंडूचा व्यास 3 सेंटिमीटर असेल तर शेवटच्या दोन चित्रांत साडेपाच सेंटिमीटरची उडी आहे. चेंडू एकमेकांना शिवतही नाहीत, त्यामुळे डोळ्याला पडणं दिसत नाही, उचकी दिसते. यावर दोन उपाय आहेत. एक तर तेवढ्या भागात 'ऑन वन्स' जायचं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, मधे एक चित्र वाढवायचं. मग अंतर पावणेतीनच्या आसपास येतं आणि कडा जुळतात. नाहीतर चेंडू जायच्या दिशेने ताणायचा. स्ट्रेच कशासाठी असतो, तर यासाठी. हे कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळीकडे चेंडू ताणत होते, अगदी वर टोकाला तो जवळजवळ थांबलेला असतो तिथेही, आणि तो पाण्याच्या पिशवीसारखा लिबलिबत होता. स्क्वॉशही फक्त जमिनीला टेकल्यावर, एखाद्या चित्रापुरता. चपटा केला की तेवढाच रुंद करायचा, नाहीतर चेंडू लहान झाल्यासारखा वाटतो.

तिसऱ्या आठवड्यात चेंडू उसळत पडद्याबाहेर जातो. भावाची पहिली क्लिप इथे फसली. त्याने दुसरी उसळी निम्म्या उंचीची केली आणि म्हणून वेळही निम्मा केला, 12 ऐवजी 6 फ्रेम्स. "ताई, काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही," म्हणाला. चुकलं ते असं : उंची निम्मी झाली तर वेळ निम्मा होत नाही, साडेआठ फ्रेम्सच्या आसपास राहतो. वेळ निम्मा व्हायला उंची पाव व्हावी लागते. त्याच्या क्लिपमध्ये दुसऱ्या उसळीपासून गुरुत्वाकर्षणच दुप्पट झालं होतं. आठ फ्रेम्स वर आणि आठ खाली केल्यावर क्लिप लगेच सुधारली.

चौथ्या आठवड्यात तीन चेंडू : रबरी, लोखंडी आणि फुगा. तिघांचा आकार एकच, रंग एकच. ज्याने काही पाहिलेलं नाही अशा माणसाला आवाजाशिवाय दाखवायचं आणि कोणता काय आहे ते विचारायचं. तिन्ही बरोबर ओळखले गेले तरच पुढे जायचं. नाहीतर आणखी एक आठवडा इथेच थांबायचं.

पाचवा ते आठवा आठवडा शेपटी असलेला लंबक आणि मग पिठाचं पोतं : उडी मारणारं, थकून बसणारं. नवव्यापासून तेराव्यापर्यंत साध्या ठोकळ्यांची माणसं, मान वळवणं, हात उचलणं. या सगळ्या काळात रोज वीस मिनिटं जेश्चर ड्रॉइंग, म्हणजे माणसांच्या हालचालींची झटपट रेखाटनं, हवंच. ते क्लिपच्या वेळेतून कापायचं नाही.

चौदाव्या आठवड्यात चालणं. त्याला चार आठवडे द्या. एका पावलाला 12 फ्रेम्स धरा, दोन पावलांचं चक्र 24 चं. आधी फक्त टाच टेकण्याचं चित्र, मग मधलं, मग खाली आणि वर. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पाय घसरणं. जागच्या जागी चालताना टेकलेला पाय प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने मागे गेला पाहिजे. ओनियन स्किन लावून टाचेवर ठिपके द्या. ठिपक्यांमधली अंतरं कमीजास्त असतील तर तिथेच घसरतोय. आणखी एक : चालणं टूजवर आणि मागचं दृश्य वन्सवर सरकवलं तर पाय थरथरतो. दोन्ही एकाच हिशेबात ठेवा.

अठरा ते वीस, उडी आणि जड वस्तू उचलणं. उरलेले सहा आठवडे एकच शॉट, शॉर्टफिल्म नाही. हिशेब करून बघा. दहा सेकंद म्हणजे 240 फ्रेम्स, टूजवर 120 चित्रं. एका चित्राच्या क्लीनअपला, म्हणजे कच्च्या रेषांवरून पक्क्या रेषा काढायला, पंधरा मिनिटं धरली तरी तीस तास, म्हणजे नुसत्या क्लीनअपलाच तीन आठवडे. मग विचाराला, हालचालीतल्या मुख्य क्षणांच्या की चित्रांना आणि मधल्या चित्रांना तीनच उरतात. म्हणून सहा सेकंदांचा शॉट घ्या : 72 चित्रं, अठरा तास. एक माणूस, एक खोका, त्याला तो उचलता येत नाही. एवढं पुरेसं आहे.

भाऊ सध्या चौथ्या आठवड्यात आहे. काल त्याने तीन चेंडू पाठवले. फुगा छान तरंगतोय. लोखंडी चेंडू मात्र जमिनीवर आपटून चांगला चार बोटं वर उसळतो. आईला दाखवला तर ती म्हणाली, टेनिसचा आहे. त्यामुळे या रविवारीही फोल्डरमध्ये लोखंडी चेंडूच पडणार आहे.