पट्टा आहे, पण टाच कुठे टेकते?

“चप्पल घालून गाडी चालवली की दंड बसतो, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घ्या. तळवा जेवढा जाड तेवढा चांगला. स्कूटरला तर ब्रेक हातात, तिथे काहीही चालतं.” असा सल्ला कानावर येतो.

दंडाचं आधी उरकू. चप्पल घातली म्हणून चलान फाडायची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. २०१९ मध्ये हीच अफवा उठली, तेव्हा नितीन गडकरींच्या कार्यालयाने तसं जाहीरही केलं होतं.

पट्ट्याचं म्हणणं अर्धं खरं. बिनपट्ट्याची चप्पल निसटून ब्रेकखाली गेली की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. पण वेल्क्रोत धूळ आणि काडीकचरा भरला की पट्टाही धरत नाही, मग तो असून नसल्यासारखाच.

खरी चूक जाड तळव्याची आहे. कार चालवताना उजवी टाच जमिनीवर टेकलेली असते आणि तिच्यावरच पाऊल ॲक्सिलरेटरवरून ब्रेककडे वळतं. टाच उंच असली की हा आधार डळमळतो. टोकदार हील तर मॅटमध्ये रुतते. फोमचा जाड तळवा आधी स्वतः दबतो, मग पेडल. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी थांबत-थांबत जाते. तिथे क्लच नेमका कुठे धरतो हे डाव्या पायाला कळलं नाही, तर गाडी मागे सरकते नाहीतर बंद पडते. चवड्याखाली साधारण दहा मिलिमीटर तळवा पुरे. तो रुंदीला बेताचा हवा, नाहीतर ब्रेक दाबताना कड ॲक्सिलरेटरवर पडते. जळगाव-भुसावळ रस्त्यावर ताशी साठच्या वेगात पाय अर्धा सेकंद अडकला तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

सँडल घ्यायच्या आधी उभ्या गाडीत बघा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. टाच न उचलता पाय दहा वेळा इकडून तिकडे न्या. कड शेजारच्या पेडलला लागली, किंवा पाय मागे घेताना टोक पेडलखाली अडकलं, तर ती सँडल गाडीसाठी नाही. काढलेली चप्पल ड्रायव्हरच्या पायाशी ठेवू नका, ती घरंगळत ब्रेकखाली जाते.

स्कूटरचा ब्रेक हातात हे खरं, पण थांबताना गाडी पायावरच तोलायची असते. उंच प्लॅटफॉर्मची सँडल खडीवर टेकली की घोटा मुरगळतो आणि गाडी आडवी होते. वावरातून निघताना काळ्या मातीचा गारा तळव्याला चिकटतो. तो काठीने खरवडल्याशिवाय कुठलाच तळवा पकड देत नाही. मोटारसायकलला मागचा ब्रेक आणि गिअर दोन्ही पायातच, त्यामुळे तिथे बोटं झाकणारा, टाच धरून ठेवणारा बूटच हवा.