ओटीपीचं कौतुक बँकेला कशाला सांगायचं?

फेब्रुवारीत ठाण्याच्या एका बाईंना महेश्वरी साडी पाठवली होती, ६,८५० रुपयांची. गेल्या आठवड्यात पेमेंट गेटवेचा मेल आला, चार्जबॅक, म्हणजे बाईंनी त्यांच्या बँकेकडून पैसे परत मागितलेत, तोवर आमचे पैसे अडकवलेत, सात दिवसांत पुराव्यासकट उत्तर द्या. डोकंच फिरलं माझं. रात्री बसून दोन पानं लिहून काढली, आम्ही इंदूरात किती वर्षं साड्या विकतोय, बाई कशा खोटं बोलताहेत, आणि ओटीपी टाकूनच पेमेंट झालंय हे तर तीनदा.

माझ्या जाऊबाई बँकेत कार्डाच्या तक्रारी बघायच्या, त्यांनी वाचून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "अगं, कारण काय लिहिलंय ते तरी बघ." बघितलं तर व्हिसा कार्डाचं कारण नंबर 13.1, म्हणजे माल मिळाला नाही. ओटीपीने एवढंच कळतं की पेमेंट बाईंनीच केलं, आणि ते त्या नाकारतच नाहीयेत! माझं कार्ड माझ्या नकळत वापरलं अशी बाईंची तक्रार असती तर ओटीपी कामाला आला असता.

मग एक पान केलं. वर ऑर्डर नंबर, रक्कम आणि एकच वाक्य: साडी ऑर्डरमधल्याच पत्त्यावर १५ तारखेला पोचली. खाली तारखा. ११ फेब्रुवारी रात्री १२.२० ला ऑर्डर, १२ ला कुरियरने उचलली, १५ ला दुपारी डिलिव्हरी, १७ ला बाईंचा मेसेज. प्रत्येक तारखेपुढे कोणता कागद बघायचा त्याचा नंबर. इथे एक घोळ होता, गेटवेच्या रिपोर्टमध्ये ऑर्डर १० तारखेची दिसत होती कारण तिथली वेळ यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तेही एका ओळीत लिहून टाकलं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं आम्हीच तारखा फिरवल्या.

ट्रॅकिंगची नुसती लिंक दिली नाही, काही दिवसांनी ती उघडतच नाही, म्हणून कुरियरकडून सहीची डिलिव्हरी स्लिप मागवली. आली तर काय, सही वॉचमनची! पत्ता बरोबर, पण साडी बाईंच्या हातात पडली कशावरून? मी ती सही लपवणार होते, जाऊबाई म्हणाल्या नको, बाईंच्या बँकेने समोरून विचारलं तर तुझे बाकीचे कागदही खोटे वाटतील.

आमची खरी भिस्त त्या १७ तारखेच्या मेसेजवर. ऑर्डरमध्ये दिलेल्याच नंबरवरून बाईंनी विचारलं होतं, "ताई, ब्लाउजपीस कोणत्या टोकाला आहे, दोन्हीकडे सारखंच दिसतंय." साडी उलगडून समोर धरल्याशिवाय हे कोण विचारेल? नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट लावला, मेसेज मराठीत म्हणून खाली इंग्रजी भाषांतर.

पाचव्या दिवशी अपलोड केलं. आता निकाल बाईंच्या बँकेच्या हातात, महिनाभर तरी जाईलच. ब्लाउजपीस कुठून कापायचा ते मी तेव्हा सव्वा मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये समजावलं होतं, तोही जोडू म्हटलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "त्याचं भाषांतर तूच कर हं."