‘वाजवी निर्बंध’ ही न्यायाधीशांची मर्जी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “कलम 19 वरचा तुमचा लेख वाचला. मुलांना आधी सांगायचे की अधिकार मूलभूत आहेत आणि पुढच्याच परिच्छेदात सांगायचे की सरकार त्यांवर वाजवी निर्बंध घालू शकते. वाजवी काय हे शेवटी न्यायाधीशाच्या मर्जीवरच ना? सरकारने ‘जनहित’ म्हटले की विषय संपला. मग ‘मूलभूत’ म्हणून मुलांची दिशाभूल कशाला करता?”

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपण जनहिताचा उल्लेख केला आहे, तर उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात, ते कलम 19 च्या खंड (2) मध्ये सांगितले आहे आणि त्यांत जनहित हे कारण नाही. भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधास चिथावणी, एवढ्यावर ती यादी संपते. सर्वसाधारण जनतेचे हित हे कारण व्यवसायस्वातंत्र्याशी संबंधित खंड (6) मध्ये आणि संचार व वास्तव्याशी संबंधित खंड (5) मध्ये आहे. म्हणून निर्बंध वाजवी आहे की नाही हा प्रश्न विचारण्याआधी, तो निर्बंध नेमक्या कोणत्या स्वातंत्र्यावर आघात करतो हे ठरवावे लागते, आणि अनेकदा खटल्याचा निकाल तिथेच लागतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. वृत्तपत्राची किंमत त्याच्या पानांच्या संख्येशी बांधण्याचा अधिकार केंद्र सरकारला देणारा कायदा 1956 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याखाली प्रत्यक्ष आदेश निघाला. ‘सकाळ’ तेव्हा आठवड्यातले पाच दिवस सहा पानांचा आणि एक दिवस चार पानांचा, म्हणजे सहा दिवसांत 34 पानांचा अंक देत असे आणि रोजच्या अंकाची किंमत 7 नवे पैसे होती. रविवारच्या अंकाचा हिशेब वेगळा होता. नव्या आदेशानुसार 7 नव्या पैशांत सहा दिवसांत 24 पानेच देता येणार होती. 34 पाने कायम ठेवायची तर किंमत 8 नवे पैसे करणे भाग होते. एक नवा पैसा ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण त्या काळच्या वाचकाच्या दृष्टीने ती सुमारे चौदा टक्क्यांची दरवाढ होती.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. हाताशी भरपूर भांडवल असलेली वृत्तपत्रे कमी किमतीत जास्त पाने देतात, नवी व लहान वृत्तपत्रे त्यांच्यापुढे टिकत नाहीत आणि काही काळाने मोजक्यांचीच मक्तेदारी उरते, असे सरकारचे म्हणणे होते. शिवाय वृत्तपत्र हा व्यवसायही आहे, तेव्हा व्यवसायातील गैरस्पर्धा रोखण्यासाठी जनहितार्थ केलेला हा कायदा खंड (6) मध्ये बसतो, असा युक्तिवाद झाला. मक्तेदारीची ही भीती मलाही खरी वाटते.

तरीही पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सप्टेंबर 1961 मध्ये तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. निकालपत्र न्या. मुधोळकर यांनी लिहिले. त्यातली विचारसरणी अशी : किंमत वाढवली तर खप घटतो आणि पाने कमी केली तर बातम्या व मते यांना मिळणारी जागा घटते. आपले म्हणणे किती जणांपर्यंत पोचवायचे आणि किती विस्ताराने मांडायचे, या दोन्ही गोष्टी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहेत. इथे खपावर होणारा परिणाम ओघाने आलेला नव्हता, तर तो साधणे हाच कायद्याचा रोख होता. असा कायदा टिकायचा असेल तर त्याला खंड (2) मधले कारण हवे, आणि तिथे गैरस्पर्धाही नाही, जनहितही नाही. व्यवसायाच्या नियमनाचे निमित्त करून भाषणस्वातंत्र्य आखडता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निर्बंध अतिरेकी होता की सौम्य होता, याच्या मोजमापावर हा निकाल उभा नाही. सरकार जनहित म्हणाले होते आणि तरीही हरले. परीक्षेतल्या उत्तरात मात्र भाषणस्वातंत्र्यावरचा निर्बंध सर्रास ‘जनहितार्थ वाजवी’ ठरवलेला असतो, आणि प्रत्येक वेळी मला समासात ‘कोणता खंड?’ असे लिहावे लागते.

आता वाजवीपणाकडे वळू. इथेही मर्जीपेक्षा पुष्कळ ठोस असे काही आहे. व्यवसायस्वातंत्र्याचा 1950 मधला चिंतामणराव खटला घ्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 1948 च्या कायद्यानुसार शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी करता येत असे आणि सागर जिल्ह्यात तसा आदेश निघाला होता. शेतीच्या कामाला मजूर मिळावेत हा हेतू होता. धान्यटंचाईच्या त्या काळात तो जनहिताचा होता हे मान्य करायला न्यायालयाला अडचण वाटली नाही. म्हणजे कारण खंड (6) मध्ये बसत होते. प्रश्न उरला तो उपायाचा. बंदी त्या गावांत राहणाऱ्या सगळ्यांनाच लागू होती. शेतात राबणे ज्यांना शक्यच नाही असे म्हातारे, अपंग आणि आजारी लोकही त्यात आले, आणि घरी बसून विड्या वळणे हीच त्यांची मिळकत होती. त्यांचे काम बंद करून शेतीला एकही मजूर जास्त मिळणार नव्हता. शेतमजुरांपुरतीच बंदी घालून किंवा विड्या वळण्याचे तास ठरवून देऊनही तोच हेतू साधला असता. हेतूला लागते त्यापेक्षा जास्त हिरावून घेणारा निर्बंध वाजवी नव्हे, म्हणून तो कायदा गेला. यात न्यायाधीशांना विडीधंद्याविषयी काय वाटत होते याचा संबंध कुठे येतो, ते आपणच पाहावे.

विद्यार्थ्याने निर्बंध तपासताना म्हणूनच हाच क्रम धरावा, असा माझा आग्रह असतो. निर्बंधाला कायद्याचा आधार आहे की तो केवळ प्रशासकीय हुकूम आहे, तो कोणत्या स्वातंत्र्यावर येतो, त्या स्वातंत्र्याच्या खंडात सांगितलेले कारण आहे का, आणि असल्यास उपाय हेतूच्या मानाने बेताचा आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो, पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच बरेच कायदे पडतात. शिवाय अधिकारावर आघात झाला हे दिसल्यानंतर तो खंडात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते. नागरिकाला उलट काही सिद्ध करत बसावे लागत नाही.

आपल्या आक्षेपातला एक भाग मात्र मला मान्य आहे, आणि तो न्यायालयालाही मान्य होता. व्ही. जी. राव खटल्यात 1952 मध्ये सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी वाजवीपणाच्या कसोट्या सांगितल्या : कोणत्या अधिकारावर आघात होतो, निर्बंधामागचा हेतू काय, ज्या अनिष्टावर तो उपाय आहे ते किती मोठे व निकडीचे आहे, उपाय प्रमाणाबाहेर आहे का, आणि त्या वेळची परिस्थिती कशी आहे. याबरोबरच त्यांनी हेही लिहून ठेवले की अशा निर्णयात न्यायाधीशांच्या सामाजिक विचारसरणीचा आणि मूल्यांचा वाटा मोठा असणे अटळ आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका किती जवळचा आहे किंवा सभ्यतेची रेषा कुठे ओढायची, अशा प्रश्नांत दोन पीठे वेगळ्या निष्कर्षांवर येऊ शकतात आणि आलीही आहेत. मर्जीचा प्रश्न तिथे खरोखर उभा राहतो, आणि तिथल्या निकालांवर आपण टीका केलीत तर मी बहुधा आपल्याच बाजूला असेन. ‘सकाळ’चा खटला मात्र त्या टप्प्याच्या कितीतरी आधी संपला होता.