टाकी, वर्गमूळ आणि ताळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "टाकीच्या एका साध्या उदाहरणासाठी एवढं पाल्हाळ? पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर बरोबरच येतं. ताळा करत बसणं हे ज्यांना गणित जमत नाही त्यांचं काम. C च्या दोन किमतींतली कुठली घ्यायची हे शाळकरी पोरालाही कळतं, पाणी काही वर चढत नाही. परीक्षेत एवढा वेळ नसतो. आणि ताळा जुळला म्हणून तेच एकमेव उत्तर, हे तरी कुठे सिद्ध झालं?"

उत्तर :

महोदय, रिकाम्या होणाऱ्या टाकीचं अवकल समीकरण सोडवून उत्तराचा ताळा कसा करायचा, यावरचा माझा लेख लांबला हे मान्य. पण "ज्यांना गणित जमत नाही त्यांचं काम" हे वाक्य मला खटकलं. इथे बारावीची आणि डिप्लोमाची मुलं वाचायला येतात. ताळा करणाऱ्या मुलाला कमी लेखणारी भाषा त्यांच्या डोळ्यांसमोर यावी, हे मला पटत नाही. मतभेद सभ्यपणेही मांडता येतो.

आता तुमचं पायऱ्यांबद्दलचं वाक्य तपासू. तळाशी भोक असलेल्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा टॉरिचेलीचा नियम. लेखातलं समीकरण त्यावरूनच आलं : dh/dt = −2√h, उंची सेंटिमीटरमध्ये, वेळ मिनिटांत, आणि सुरुवातीची अट h(0) = 100. चलं वेगळी करून समाकलन केलं की √h = C − t. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की h = (C − t)². अट घातली की C² = 100, म्हणजे C = 10 किंवा C = −10. यातली चुकीची पायरी दाखवा. एकही नाही. तरी हातात दोन उत्तरं आहेत आणि त्यातलं एक खोटं आहे.

C = −10 घेतलं तर h = (10 + t)². t = 0 ला उंची 100 येते, म्हणजे सुरुवातीची अट हे उत्तर बिनतक्रार पास होतं. पण अवकलज 2(10 + t) आहे, t = 0 ला +20. समीकरणाची उजवी बाजू −2√100, म्हणजे −20. जुळत नाही. गडबड कुठे झाली? √h कधीच ऋण नसतं, म्हणून √h = C − t या ओळीत "C − t शून्य किंवा धन" ही अट दडलेली होती. वर्ग करताच ती पुसली गेली. म्हणूनच ताळा मूळ समीकरणातच करायचा. वर्ग केलेल्या (dh/dt)² = 4h मध्ये उत्तर घातलंत तर खोटं उत्तरही तंतोतंत बसतं, हवं तर करून बघा.

पाणी वर चढत नाही हे पोरालाही कळतं म्हणता, मग C = 10 च्या "बरोबर" उत्तराचं काय? h = (10 − t)². त्यात t = 12 घाला. उंची 4 सेंटिमीटर! दहाव्या मिनिटाला रिकामी झालेली टाकी आपोआप भरू लागली. इथेही मूळ समीकरणच बोलतं : अवकलज −2(10 − 12) = +4 आणि उजवी बाजू −2√4 = −4. म्हणजे हे सूत्र t = 10 पर्यंतच उत्तर आहे. त्यानंतर h = 0 घ्यायचं. ते घातलं की दोन्ही बाजू शून्य, आणि t = 10 ला दोन्ही तुकड्यांची उंची आणि उतार दोन्ही शून्य, त्यामुळे सांधा नीट बसतो. एवढ्यासाठी t ची एकच किंमत घालून भागत नाही. t = 5 ला हे सूत्र छान जुळतं (उंची 25, दोन्ही बाजू −10), म्हणून ते कायमचं खरं ठरत नाही. t तसाच ठेवायचा, √((10 − t)²) म्हणजे |10 − t| असं लिहायचं, की मर्यादा आपोआप समोर येते.

मी अनेक वर्षं डिप्लोमाला हाच विषय शिकवला, उत्तरपत्रिका तपासल्या. ± सोडून देणारी, मर्यादा न लिहिणारी मुलं बहुतेक वेळा "जमत नाही" वाली नसायची. पायऱ्या सफाईने करणारीच असायची, आणि त्या सफाईवरच विसंबायची. हे मी वर्गात पाहिलंय. तुम्ही कुठे पाहिलंत ते प्रतिक्रियेत दिसलं नाही.

परीक्षेतल्या वेळेचं म्हणाल तर एक अवकलज आणि दोन ओळी, यापलीकडे यात काही नाही. एकमेवपणाचा दावा मी लेखात केलाच नव्हता. तो वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.